सहाचा प्लग, सोळाचा प्लग आणि भिंतीमागची वायर: जुन्या फ्लॅटमधले पॉइंट तपासून घेताना

पुण्यातल्या पंचवीसेक वर्षं जुन्या इमारतीतला दोन बेडरूमचा फ्लॅट, आधीच्या मालकाने स्वयंपाकघर नवं करून घेतलेलं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सामान येणार. त्याआधी कुठलं उपकरण कुठल्या सॉकेटला लावायचं हे ठरवून घेण्याचं काम नोव्हेंबरच्या १० तारखेला सुरू झालं आणि महिनाअखेरीस संपलं. त्या कामाचा हा क्रमवार तपशील. वायरमनला बोलावण्याआधी घरच्या माणसाला किती गोष्टी स्वतः तपासता येतात, हे त्यातून कळेल.

सुरुवात भिंतीपासून न करता उपकरणांपासून केली. प्रत्येकाच्या मागे किंवा बुडाशी एक पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर वॅट लिहिलेले असतात. वॅटला २३० ने भागलं की अँपिअर मिळतात. आपल्याकडे घरचा पुरवठा २३० व्होल्टचा धरतात, म्हणून सहा अँपिअरच्या सॉकेटची शेवटची हद्द १३८० वॅट आणि सोळाच्या सॉकेटची ३६८० वॅट. मिक्सर ७५० वॅट, म्हणजे सव्वातीन अँपिअर. इस्त्री १००० वॅट, साडेचारच्या आत. टीव्ही, राउटर, चार्जर, पंखा यांचा तर हिशेब करायचीही गरज नाही. ही सगळी सहाची मंडळी. इंडक्शन शेगडी २००० वॅट, म्हणजे ८.७ अँपिअर. साठवणीचा गीझर २००० वॅट, तोही तेवढाच. तीन लिटरचा इन्स्टंट गीझर ३००० वॅट, म्हणजे तेरा अँपिअर. ही सरळ सोळाची.

पट्टी वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. मायक्रोवेव्हच्या दारावर किंवा खोक्यावर मोठ्या अक्षरांत ८०० वॅट लिहिलेलं असतं, ती अन्नाला मिळणारी ताकद. भिंतीतून तो किती ओढतो ते मागच्या पट्टीवर वेगळं दिलेलं असतं. आमच्या मायक्रोवेव्हचा तो आकडा १२५० निघाला, म्हणजे ५.४ अँपिअर. हद्दीच्या आत आहे, पण जेमतेम. दुसरी जागा वॉशिंग मशीनची. वरून कपडे टाकायच्या साध्या मशीनची मोटर चार-पाचशे वॅटच्या आसपास असते. समोरून दार असलेल्या मशीनमध्ये पाणी तापवायचा हीटर असतो आणि तो चालू झाला की मशीन २००० वॅटच्या घरात जातं. नाव एकच, गरज चौपट.

१५०० वॅटची किटली आणि तेवढ्याच वॅटचा एअर फ्रायर ही कुंपणावरची उपकरणं. हिशेब ६.५ अँपिअरचा येतो. अर्ध्या अँपिअरने काय बिघडतं, असं दुकानदार हमखास म्हणतो. किटली चार मिनिटांत बंद होते, तिथे त्याचं म्हणणं चालून जातं. एअर फ्रायर मात्र पंचवीस मिनिटं चालतो आणि सॉकेटला गार व्हायला सवडच मिळत नाही. आम्ही दोन्ही सोळाच्या खात्यात टाकली.

मग प्लग पाहिले. सहाच्या प्लगच्या खालच्या दोन पिना साधारण ५ मिलिमीटर जाडीच्या असतात आणि त्यांच्या मध्यांमधलं अंतर १९ मिलिमीटर. सोळाच्या प्लगच्या त्याच पिना ७ मिलिमीटर जाड आणि अंतर २५ मिलिमीटरच्या जरा वर. वरची अर्थिंगची पिन दोन्हींत जास्त जाड आणि जास्त लांब असते: सहाच्या प्लगची साधारण ७ मिलिमीटर जाड, सोळाची पावणेनऊच्या आसपास. लांब ठेवण्यामागे कारण आहे. प्लग आत जाताना अर्थिंग आधी जोडली जाते, बाहेर येताना ती शेवटी सुटते. शटर असलेल्या सॉकेटमध्ये खालच्या भोकांवरची झडप हीच पिन उघडते. खालच्या भोकांत प्लग शिरत नाही म्हणून वरच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर खुपसणारे लोक त्या झडपेलाच हरवत असतात.

पट्टी घेऊन मोजायची गरज एक-दोनदाच पडते, पुढे नजरेला कळतं. जुन्या प्लगांवर ५ आणि १५ असे आकडे दिसले तर गोंधळू नका. या पिना मूळ ब्रिटिश मापाच्या, तिथे त्यांची नावं पाच आणि पंधरा अँपिअर अशीच होती. आपल्याकडे आता आयएस १२९३ या मानकाखाली त्याच घराण्याला सहा आणि सोळा म्हणतात. वायरमन अजूनही ‘पंधराचा पॉइंट’ किंवा नुसतं ‘पॉवर’ म्हणतात, ते याच सोळाबद्दल.

कंपनीने लावून दिलेला प्लग हीच पहिली सूचना, असं आम्ही धरलं. इंडक्शनला सोळाचा प्लग असेल तर तो कापून सहाचा बसवणं आमच्या यादीत बसत नव्हतं. उलट बाजूने मात्र थोडी मोकळीक असते: काही फ्रिजना पिढ्यान्‌पिढ्या सोळाचा प्लग येत आला, प्रत्यक्षात तो दोनशे वॅटही क्वचितच ओढतो. असा प्लग दिसला म्हणून फ्रिज जड भार ठरत नाही. त्याला सोळाचं सॉकेट लागतं, एवढंच.

यानंतर भिंतीकडे वळलो. सहाच्या सॉकेटमध्ये सोळाचा प्लग जातच नाही आणि निव्वळ सोळाच्या सॉकेटमध्ये सहाचाही बसत नाही, कारण पिनांमधलं अंतर वेगळं. पण नव्या मॉड्युलर प्लेटांवर बहुतेक ठिकाणी सहा-सोळा असं एकत्र सॉकेट असतं. त्याची भोकं नीट पाहिली तर ती पूर्ण गोल नसतात. दोन गोल एकमेकांत घुसून लांबट झालेली दिसतात, कारण एकाच भोकात दोन्ही मापांच्या पिनांची सोय केलेली असते. हे सॉकेट सोयीचं आहे आणि आमच्या स्वयंपाकघरात अशी तीन निघाली. तीन सोळाचे पॉइंट, म्हणजे प्रश्न मिटला, असं कुणालाही वाटेल. खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

सॉकेटवरचा १६ हा आकडा फक्त त्या सॉकेटबद्दल बोलतो. त्याच्या मागे कोणती वायर आली आहे, ती कोणत्या स्विचमधून गेली आहे आणि प्रवाह फार वाढला की तिचा पुरवठा तोडणारा कोणता एमसीबी तिच्या डोक्यावर आहे, हे तो सांगत नाही. स्वयंपाकघर नवं करताना ओटा बदलतात, टाइल बदलतात, जुन्या बोर्डाच्या जागी छान पांढरी प्लेट येते आणि तिच्यावर सहा-सोळाची सॉकेटं बसतात. भिंतीतल्या पाइपात वायर मात्र जुनीच, दिव्यांच्या आणि पंख्यांच्या काळातली.

म्हणून पुढची पायरी एमसीबी ओळखण्याची. मुख्य डब्यातले एमसीबी एकेक करून पाडायचे आणि घरभर टेबल लॅम्प घेऊन फिरायचं. कोणता पाडल्यावर कोणते पॉइंट मेले, ते कागदावर लिहायचं. दोन माणसं असली तर तासाभरात उरकतं: एक डब्यापाशी, एक दिव्यापाशी. सोळाच्या निव्वळ सॉकेटसाठी दिव्याला सोळाचा प्लग लावलेली छोटी वायर वायरमनकडून मागून घेतली. कागद पुरा झाला तेव्हा कळलं की ओट्यावरची तिन्ही सॉकेटं आणि स्वयंपाकघरातला दिवा-पंखा एकाच एमसीबीवर आहेत, आणि तो १६ अँपिअरचा आहे.

१८ तारखेला वायरमन आले. ते एका परवानाधारक ठेकेदाराकडे काम करतात, आणि हे आधी विचारून घ्यावं, कारण पुढे त्याची गरज पडते. त्यांनी मेन बंद केला, टेस्टरने खात्री केली आणि ओट्यावरची मधली प्लेट उघडली. इथे जे दिसलं ते जरा सावकाश सांगतो.

सॉकेटच्या मागे न्यूट्रलच्या स्क्रूपाशी वायरचं काळं आवरण दोन-अडीच सेंटिमीटर कडक होऊन तपकिरी पडलेलं होतं, बोट लावल्यावर त्याचा तुकडा पडला. स्क्रू अर्धा फेरा सैल होता. सॉकेटच्या पुढच्या अंगाला डाव्या भोकाची कड पिवळट झाली होती. ही खूण प्लेट न उघडताही दिसते, फक्त पाहायची सवय लागते. वायरवर छापलेलं वाचलं: १.५ स्क्वेअर एमएम. वायरमनच्या भाषेत दीडची वायर. शेजारचा स्विच काढून त्याची पाठ पाहिली, तिथे ६ चा आकडा. म्हणजे सोळाचं सॉकेट, सहाचा स्विच, दीडची वायर आणि वर सोळाचा एमसीबी.

यातलं प्रत्येक का चुकीचं, ते आमच्याच उपकरणांवर मांडून बघू. संध्याकाळी इंडक्शनवर भाजी, मायक्रोवेव्हमध्ये दूध आणि मिक्सरमध्ये वाटण. २००० अधिक १२५० अधिक ७५०, म्हणजे ४००० वॅट. २३० ने भागले की १७.४ अँपिअर. एमसीबी सोळाचा आहे, तेव्हा तो पडेल असं वाटतं. तो पडत नाही. एमसीबीच्या मानकानुसार त्याच्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाह तासभर वाहिला तरी तो पडता कामा नये. १.४५ पट झाला, तरच तासाभरात पडलाच पाहिजे. सोळाच्या १.१३ पट म्हणजे १८ अँपिअर. आमचे १७.४ त्याच्या खाली. दीडची वायर पाइपातून जाताना साधारण तेरा ते पंधरा अँपिअर झेलते, इतर वायरी सोबत असतील तर त्याहून कमी. म्हणजे वायर तापत राहणार आणि एमसीबी गप्प बसणार.

दीडच्या वायरीवर दहाचा एमसीबी असायला हवा होता. तो मूळचा तसाच असणार, असं वायरमनचं म्हणणं. सारखा पडतो म्हणून कुणीतरी सोळाचा बसवला असावा. एमसीबी वायरीसाठी असतो, उपकरणासाठी नाही. वायर न बदलता एमसीबी वाढवला की पडायचं थांबतं आणि लोक खूश होतात.

आता ती तपकिरी पडलेली जागा. ती सगळा भार एकदम लावल्यामुळेच झाली, असं नाही. एकटं इंडक्शनही ती करू शकतं. सैल स्क्रूपाशी किंवा ढिल्या झालेल्या पितळी पकडीत थोडा अडथळा निर्माण होतो, समजा एक दशांश ओहमचा. तिथली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. मिक्सरचे सव्वातीन अँपिअर असताना त्या टिचभर जागेत एक वॅटच्या आसपास उष्णता, इंडक्शनचे ८.७ अँपिअर असताना साडेसात वॅट. छोट्या एलईडी दिव्याएवढी शक्ती, सगळी उष्णतेच्या रूपात, बंद प्लास्टिकच्या पोटात, रोज अर्धा-पाऊण तास. त्यातून पितळाची पकड आणखी ढिली होते, अडथळा वाढतो, उष्णता वाढते. एमसीबीला यातलं काहीच कळत नाही, कारण प्रवाह ८.७ च आहे, वाढलेला नाही. प्रवाह गळला की पडणाऱ्या आरसीसीबीलाही कळत नाही, कारण इथे प्रवाह कुठे गळत नाही. हे ओळखायला नाक आणि हात हीच साधनं: सॉकेटपाशी मासळीसारखा वास, प्लग काढल्यावर गरम लागणारी पिन, एकाच पिनेवर तपकिरी डाग. कोमट प्लग चालतो. पिनेवर बोट ठेववत नसेल तर तो पॉइंट त्याच दिवशी बंद.

सहाच्या सॉकेटला सोळाचं उपकरण लावून देणारे कन्व्हर्जन प्लग इथेच घात करतात. बाजारात ते ऐंशी-शंभर रुपयांना सर्रास मिळतात. एका बाजूने सोळाची भोकं, दुसऱ्या बाजूने सहाच्या पिना. इंडक्शनचे ८.७ अँपिअर आता सहाच्या पातळ पिनांमधून जातात, शिवाय एका सांध्याच्या जागी दोन सांधे होतात. आमच्या सामानात असे दोन होते. एक फ्रिजसाठी वापरात होता, तिथे तो भाराने जळला नसता, पण सोळाचं सॉकेट मिळत असताना ठेवायचंही कारण नव्हतं. एक्स्टेन्शन बोर्डाचंही तेच. त्याच्या तोंडाशी सहाचा प्लग असेल तर त्यावर चार भोकं असोत की आठ, सगळ्यांची मिळून हद्द १३८० वॅटच.

उलटा प्रश्नही वायरमनला विचारला: सहाचा प्लग सहा-सोळाच्या सॉकेटमध्ये लावला तर? उपकरण हवा तेवढाच प्रवाह घेतं, त्यामुळे चालतं. मर्यादा दोन. टेबल लॅम्पच्या बारीक वायरीत दोष आला तर सोळाच्या लाइनवरचा सोळाचा किंवा वीसचा एमसीबी तिच्या मानाने फार मोठा पडतो, म्हणून बारीक वायरीची उपकरणं जमेल तेव्हा सहाच्या लाइनवरच ठेवावीत. आणि स्वस्त सॉकेटमध्ये जाड पिनांनी पकड रुंदावली की बारीक पिना सैल बसतात. म्हणून मिक्सरला सहाचा वेगळा पॉइंट द्यायचं ठरलं.

काम २२ आणि २३ तारखेला झालं. मुख्य डब्यापासून ओट्यापर्यंत नवी लाइन: फेज आणि न्यूट्रल चारची, अर्थिंग अडीचची, तिन्ही तांब्याच्या. त्यावर वीसचा एमसीबी आणि दोनच सोळाची सॉकेटं, एक इंडक्शनला, एक मायक्रोवेव्हला. दोन्ही एकदम चालली तरी ३२५० वॅट, म्हणजे १४.१ अँपिअर. किटली आणि एअर फ्रायर यांनाही तीच सॉकेटं, आळीपाळीने. स्विच सोळाचे, आणि बसवण्याआधी प्रत्येकाची पाठ वाचून घेतली. कारण समोरून सहाचा आणि सोळाचा स्विच बऱ्याच मालिकांमध्ये सारखेच दिसतात. तिसऱ्या जागी निव्वळ सहाचं सॉकेट ठेवलं, मिक्सरसाठी, जुन्या दीडच्या लाइनवर. त्या लाइनचा एमसीबी पुन्हा दहाचा केला. तिथे सोळाचा प्लग आता कुणी लावूच शकत नाही, हा त्यातला मोठा फायदा. पाहुण्यांना समजावून सांगावं लागत नाही.

खर्च असा: वायर २३०० रुपये, सॉकेटं, स्विच आणि प्लेटा १४००, दोन एमसीबी ५००, भिंत फोडून पाइप घालणं, वायर ओढणं आणि भिंत बुजवणं यांची मजुरी ४०००. टाइल फोडावी लागू नये म्हणून लाइन छताखालून नेऊन कपाटाच्या मागे उतरवली. ओटा नवा करतानाच वायर ओढली असती तर निम्म्या मजुरीत झालं असतं, असं वायरमन दोनदा म्हणाले.

माल घेताना आयएसआय चिन्ह पाहिलं. त्याच्या वर आयएस १२९३ आणि खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे का ते दिसतं. एका दुकानातल्या सॉकेटवर चिन्ह होतं, क्रमांक नव्हता. ते परत ठेवलं.

गीझर आणि एसीच्या पॉइंटांना मूळचीच चारची वायर आणि वेगळे वीसचे एमसीबी निघाले, तिथे फक्त स्क्रू आवळले. हॉलमधल्या टीव्हीच्या जागी सहाची चार सॉकेटं होती, ती तशीच ठेवली. बेडरूममध्ये इस्त्रीसाठी सहाचं सॉकेट पुरतं, पण त्याची पकड ढिली झाली होती, म्हणून सत्तर रुपयांत नवं बसवलं.

कागदोपत्री काम राहिलं होतं. महावितरणच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो. आमच्या बिलावर तो ३ किलोवॅट होता. इंडक्शन आणि गीझर एकदम चालले की तिथेच ४ होतात. म्हणून भारवाढीचा अर्ज ऑनलाइन भरला. सोबत ठेकेदाराचा सही-शिक्क्याचा चाचणी अहवाल लागला. परवानाधारक माणूस आधीच पाहून ठेवण्याचा उपयोग इथे झाला. नंतर पैसे भरायचं कोटेशन आलं, ते भरल्यावर पुढच्या बिलावर ५ किलोवॅट दिसले. अर्जात ग्राहक क्रमांक आणि मालकाचं नाव बिलावर आहे तसंच लागतं. फ्लॅट नुकताच घेतला असेल तर आधी बिलावरचं नाव बदलून घ्यावं, नाहीतर अर्ज तिथेच अडतो.

सामान यायच्या आधी २९ तारखेला वायरमनने सगळे पॉइंट तपासून दिले. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर प्रत्येक ठिकाणी लावला. अर्थिंगचं भोक वर असताना फेज उजव्या आणि न्यूट्रल डाव्या भोकात हवा. दोन जुन्या सॉकेटांत तो उलटा निघाला, तिथल्या तिथे बदलला. आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबलं, तो लगेच पडला. शेवटी नव्या पॉइंटवर इंडक्शन पूर्ण ताकदीवर ठेवून पातेलंभर पाणी अर्धा तास उकळत ठेवलं, मध्ये दोनदा पाणी घालून. क्लॅम्प मीटर ८.५ अँपिअर दाखवत होता. प्लग काढून पिनांना हात लावला, जेमतेम कोमट लागल्या. महिन्याभराने स्क्रू पुन्हा एकदा आवळून घ्या, असं सांगून वायरमन गेले, कारण तांब्याची नवी वायर स्क्रूखाली थोडी बसते आणि पकड किंचित सैल होते. जानेवारीत ते काम झालं. सहापैकी एक स्क्रू पाव फेरा फिरला.